तक्रार बंद केलीत, पण वरचा मजला अजून तीस सेकंद गोठतो

प्रति,
तक्रार निवारण विभाग,
नेटवर्क उभारणी व देखभाल सेवा

विषय : मीटिंग रूममध्ये छोटा स्विच लावताच नेटवर्क अडकणे, आणि त्यावर तुमच्या तंत्रज्ञांनी लिहिलेला चुकीचा शेरा

स.न.वि.वि.

आमच्या कार्यालयाचे नेटवर्क तुम्ही उभारले आणि देखभालीचा करारही तुमच्याशीच आहे. संगणकांची जबाबदारी माझ्याकडे असल्याने हे पत्र मी लिहितो आहे. या एकाच तक्रारीसाठी तुमचे तंत्रज्ञ तीनदा येऊन गेले. तिसऱ्या भेटीनंतर कामाच्या कागदावर "ग्राहकाचे उपकरण सदोष, स्विचचे कॉन्फिगरेशन तपासले, ठीक आहे" असे लिहून तक्रार बंद करण्यात आली. या वाक्याचे दोन्ही भाग मला मान्य नाहीत. का, ते सविस्तर लिहितो.

मीटिंग रूममध्ये प्रशिक्षण असले की तिथला एक पोर्ट पुरत नाही. म्हणून आमच्या एका सहकाऱ्याने आठ पोर्टचा एक स्वस्त स्विच आणून ठेवला आहे. त्याची केबल भिंतीतल्या पोर्टमध्ये खोचली की वरच्या मजल्यावर ओरड सुरू होते. सर्व्हरवरची फाइल उघडत नाही, फोनवर बोलणाऱ्याचा आवाज मध्येच तुटतो, हिशेबाच्या टेबलावर पडदा आहे तसा थांबतो. अर्ध्या मिनिटाने सगळे आपोआप सुरू होते. गंमत अशी, की मीटिंग रूम खालच्या मजल्यावर आहे आणि खालच्या मजल्यावर कोणाला काहीच जाणवत नाही. पहिल्या दोन वेळा तर "आमचं चालू आहे की" असे म्हणून खालच्यांनी वरच्यांनाच वेड्यात काढले.

तुमच्या तंत्रज्ञांचे म्हणणे होते की या स्विचमुळे लूप होतो. हे पटण्यासारखे नाही. त्या स्विचला भिंतीकडे जाणारी एकच केबल आहे, लूप व्हायला दुसरी वाट हवी. आणि खरोखर लूप झाला असता, तर सगळ्या स्विचचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकले असते, खालचा मजलाही बसला असता आणि केबल काढेपर्यंत काही सुटले नसते. इथे केबल तशीच राहते आणि नेटवर्क आपले आपण सावरते. तेही दर वेळी जवळजवळ तेवढ्याच वेळात.

हा वेळ मी मोजला. वरच्या मजल्यावरच्या लिनक्स संगणकावरून सर्व्हरला दर सेकंदाला एक पिंग लावून ठेवला आणि खाली फोन करून स्विच जोडायला सांगितला. पडद्यावर `icmp_seq=41` नंतर थेट `icmp_seq=72` आला, म्हणजे मधली तीस उत्तरे गायब. आणखी दोनदा करून पाहिले, तेव्हा एकदा तीस आणि एकदा एकतीस. स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या पद्धतीत पोर्ट उघडण्याआधी पंधरा सेकंद ऐकण्यात आणि पंधरा सेकंद शिकण्यात जातात, हे तुमच्या क्षेत्रातल्या माणसाला मी सांगायला नको. तीसचा आकडा दिसल्यावर मी लूपचा विचार सोडला.

माझी शंका अशी आहे, की हा स्वस्त स्विच स्पॅनिंग ट्रीच्या निवडणुकीत उतरतो, जिंकतो आणि सगळ्या नेटवर्कचा रूट होऊन बसतो. आधी मला वाटले होते की त्याचा मॅक ॲड्रेस आपल्या स्विचपेक्षा लहान असेल, कारण प्रायॉरिटी सारखी असली की लहान ॲड्रेसवाला जिंकतो. पण स्विच उलटा करून मागचे लेबल वाचले तर ॲड्रेस आपल्या तिन्ही स्विचपेक्षा मोठा निघाला. तेव्हा मी तुम्ही दिलेल्या, फक्त पाहण्यापुरत्या लॉगिनने मुख्य स्विचवर `show spanning-tree` चालवून पाहिले. स्विच लावण्याआधी हे दिसले :

```
VLAN0001
  Spanning tree enabled protocol ieee
  Root ID    Priority    32769
             This bridge is the root
```

आणि लावल्यानंतर काही क्षणांत हे :

```
  Root ID    Priority    32768
             Cost        23
```

फरक फक्त एकाचा आहे आणि सगळे त्या एकातच आहे. तुमचे स्विच कारखान्यातून 32768 प्रायॉरिटी घेऊन येतात आणि त्यात व्हीलॅनचा क्रमांक मिळवतात. आमचे सगळे कार्यालय व्हीलॅन 1 वर आहे, म्हणून 32769. त्या स्वस्त स्विचला व्हीलॅनचे हे गणित माहीत नाही, तो सरळ 32768 सांगतो. कमी आकडा जिंकतो, त्यामुळे मॅक ॲड्रेसपर्यंत गोष्ट जातच नाही. याच मालिकेचे कितीही महागडे स्विच तुम्ही बसवले असते तरी त्या डब्यापुढे ते हरलेच असते. खालच्या 23 चाही हिशेब लागतो : मुख्य स्विचपासून खालच्या स्विचपर्यंतच्या गिगाबिट दुव्याचे 4 आणि तिथून पुढे शंभर मेगाबिटच्या डब्यापर्यंतचे 19. म्हणजे आमच्या सर्व्हरशेजारचा स्विच मीटिंग रूममधल्या टेबलाकडे तोंड करून बसतो.

आता फक्त वरचाच मजला का अडकतो ते पाहा. मुख्य स्विच, वरच्या मजल्याचा स्विच आणि खालच्या मजल्याचा स्विच असा तुम्ही त्रिकोण केला आहे. एरवी मुख्य स्विच रूट असतो आणि वरचा-खालचा जोडणारा दुवा खालच्या स्विचच्या बाजूने बंद असतो. स्वस्त स्विच खाली लागला, की रूट खाली सरकतो. मग वरच्या स्विचला रूटकडे जाण्याची जवळची वाट खालच्या स्विचमधून दिसू लागते, म्हणून मुख्य स्विचकडे जाणारा स्वतःचा पोर्ट तो ताबडतोब बंद करतो. पण खालच्या स्विचचा वरच्याकडे जाणारा पोर्ट अजून बंदच आहे. त्याला आधी पंधरा आणि मग पंधरा सेकंद घालवायचे आहेत. जुनी वाट मिटली, नवी उघडायची आहे, तेवढा वेळ वरचा मजला बेटासारखा तुटून पडतो. खालच्या स्विचचा मुख्य स्विचशी असलेला पोर्ट मात्र आधीही उघडा होता आणि नंतरही उघडाच राहतो. खालच्यांना काही कळत नाही ते याचमुळे.

डबा काढला की पुन्हा तोच प्रकार होतो, फक्त उशिरा. केबल काढल्यावर वीसेक सेकंद सगळे ठीक असते आणि मग वरचा मजला गोठतो. रूटकडून निरोप येणे थांबले तरी बाकीचे स्विच जुनी माहिती वीस सेकंद धरून ठेवतात, हे त्याचे कारण असावे. "प्रशिक्षण संपलं, आता का अडकलं?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जात होता, त्याचे उत्तर आता सापडले आहे.

शंका पक्की करण्यासाठी आणखी दोन गोष्टी केल्या. एक अगदी साधा, कुठलीही सेटिंग नसलेला स्विच त्याच केबलला लावून पाहिला, तर पिंगमध्ये एकही उत्तर हुकले नाही. मग त्या स्वस्त स्विचच्या सेटिंगच्या पानावर जाऊन स्पॅनिंग ट्री बंद केले आणि तोच पुन्हा लावला. तरी काही झाले नाही. म्हणजे उपकरण सदोष नाही. तो बिचारा नियमानुसार निवडणूक लढवतो आणि जिंकतो, कारण समोर कोणी उमेदवारी भरलेलीच नाही. त्याचे स्पॅनिंग ट्री आम्ही बंद ठेवून काम भागवू शकतो, पण उद्या दुसरा कोणी दुसरा स्विच आणेल. शिवाय ते बंद असलेल्या डब्याला चुकून भिंतीतल्या दोन पोर्टांत जोडले, तर वाट अडवण्याचे सगळे काम तुमच्या स्विचवर येते. म्हणून हा कायमचा उपाय मी मानत नाही.

एक कबुली. त्या तीस सेकंदांत खालच्या स्विचचा तो पोर्ट नेमका कोणत्या अवस्थेत होता हे मी पाहू शकलो नाही, कारण खालच्या स्विचचे लॉगिन माझ्याकडे नाही आणि मुख्य स्विचचीही पूर्ण सेटिंग मला दिसत नाही. म्हणून "शंका" म्हणतो. पण मुख्य स्विच 32769 दाखवतो याचा अर्थ रूट कोण असावा हे उभारणीच्या वेळी कोणीही ठरवलेले नाही, हे सांगायला पूर्ण सेटिंग पाहावी लागत नाही. मग "कॉन्फिगरेशन तपासले, ठीक आहे" हे नेमके काय पाहून लिहिले?

माझी मागणी अशी. मुख्य स्विचला ठरवून रूट करा आणि वरच्या मजल्याचा स्विच त्याच्या पाठोपाठचा ठेवा :

```
! मुख्य स्विच
spanning-tree vlan 1 priority 4096
! वरच्या मजल्याचा स्विच
spanning-tree vlan 1 priority 8192
```

तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या डब्याची प्रायॉरिटी 0 असली तर 4096 ही हरेल. म्हणून भिंतीतल्या पोर्टांवर रूट गार्ड लावा. तुमच्या तंत्रज्ञांनी फोनवर बीपीडीयू गार्ड सुचवला होता, पण त्याने पोर्टच बंद पडतो आणि तो उघडायला बहुधा तुम्हालाच बोलवावे लागेल. मीटिंग रूममध्ये प्रशिक्षणाच्या मध्यावर ते परवडणारे नाही. रूट गार्डने पोर्ट अडतो खरा, पण रूट होऊ पाहणारा निरोप थांबला की आपोआप सुटतो. तिन्ही स्विच जलद स्पॅनिंग ट्रीवर नेता येत असतील तर तेही करा, म्हणजे पुढे कधी खरेच दुवा तुटला तर वरच्या मजल्याला तीस सेकंद ताटकळावे लागणार नाही. हा बदल कार्यालय सुटल्यावर करावा, कारण तो करतानाही झाड नव्याने बसणार आणि कोणीतरी अडकणार.

बदलानंतर तोच स्वस्त स्विच, स्पॅनिंग ट्री चालू ठेवून, माझ्यासमोर लावावा आणि वरच्या मजल्यावरचा पिंग आपण दोघांनी मिळून पाहावा. त्यात खंड पडला नाही, तर कामाच्या कागदावर मी सही करीन. आधीच्या कागदावरचा "ग्राहकाचे उपकरण सदोष" हा शेरा मात्र लेखी मागे घ्यावा, आणि त्या तीन भेटी आमच्या वर्षभराच्या मोफत भेटींतून वजा करू नयेत. नवा स्विच तुमच्याकडून विकत घेण्याचा जो प्रस्ताव ईमेलने आला आहे, त्याला आमचा नकार समजावा.

येत्या सात दिवसांत तंत्रज्ञ कधी येणार ते कळवावे. मोजणीचे तिन्ही पडदे आणि `show spanning-tree` चे आधीचे-नंतरचे चित्र सोबत जोडले आहे.

आपला,
संगणक व नेटवर्क विभाग प्रमुख
(देखभाल करारधारक ग्राहक)