पहिल्या पगाराबद्दल तन्वीला

चि. तन्वी,
अनेक आशीर्वाद.

तुझे चारही प्रश्न आणि पगाराच्या स्लिपचा फोटो मिळाला. इथे रॉटरडॅममध्ये मी दिवसभर पेन्शनचे हिशेबच बघते, त्यामुळे तुझा कागद बारकाईने वाचला.

तू विचारलं आहेस, "हातात तेवीस हजार येतात, वय बावीस. एवढ्यात गुंतवणूक करण्यात काही अर्थ आहे का, आत्या?" अगं, तुझी गुंतवणूक सुरू झालेली आहे. स्लिपवर पीएफचे 1,560 रुपये कापलेले दिसतात ना, ते तुझ्या 13,000 बेसिकचे बारा टक्के. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले 1,083 पेन्शन योजनेत जातात आणि 477 तुझ्या पीएफमध्ये येतात. म्हणजे दरमहा 2,037 रुपये आत्ताच साठतायत, आणि 2024-25 साली त्यावर 8.25 टक्के व्याज होतं. पगार कमी असताना याहून सोपी सुरुवात नाही. मात्र तुमच्या वयाची मुलं नोकरी बदलली की हे पैसे काढून मोकळी होतात. तू तसं करू नकोस. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेव आणि जुना पीएफ नव्या नोकरीत ट्रान्सफर करून घे. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर त्यावर करही लागू शकतो.

उरलेल्या पगाराचं म्हणशील, तर घरी 8,000 देतेस आणि पास, डबा, फोन, कपडे मिळून 6,000 जातात. उरले 9,000. त्यातले 5,000 रुपये दर महिन्याला बँकेच्या आरडीत टाक, साधारण 42,000 होईपर्यंत. हा तुझा तीन महिन्यांचा खर्च झाला, आठ-नऊ महिन्यांत जमेल. सोबत दरमहा 1,000 ची एसआयपी निफ्टी 50 इंडेक्स फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, कर, 'डायरेक्ट' प्लॅन बघून, कारण 'रेग्युलर'मधून वितरकाचं कमिशन दरवर्षी तुझ्याच पैशातून जातं. कुठला फंड घ्यावा यावर रात्र घालवू नकोस. महिना हजार रुपयांवर वर्षाला दहा टक्के मिळाले तरी पहिल्या वर्षीचा नफा सहाशेच्या आसपास. पण पगार वाढल्यावर एसआयपी पाचशेने वाढवलीस, तर वर्षाला सहा हजार जास्त साठतील. सुरुवातीची काही वर्षं वजन परताव्याला नसतं, किती टाकतेस त्याला असतं.

"बाजार पडला तर?" पडेलच गं कधीतरी. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300 च्या वर होता, 23 मार्चला 7,600 वर आला. ज्यांना त्या आठवड्यांत पैशांची गरज नव्हती, त्यांचे वर्ष संपायच्या आत भरून निघाले. ज्यांची नोकरी गेली आणि बाजूला काहीच नव्हतं, त्यांना तळाच्या भावाला विकावं लागलं. आरडीतले 42,000 त्यासाठी आहेत. त्यावर व्याज कमी मिळालं तरी चालेल. आणि पाच-सात वर्षांत लागणार असलेले पैसे, लग्नाचे म्हण किंवा शिक्षणाचे, इंडेक्स फंडात ठेवायचेच नाहीत.

आता सोसायटीतले काका विकतायत ती विम्याची पॉलिसी. वर्षाला 24,000, वीस वर्षं, शेवटी 8 लाख 33 हजार. तू लिहितेस, "भरले 4 लाख 80 हजार, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले ना?" पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष. एक्सेलमध्ये हे टाकून बघ:

```
=RATE(20,-24000,0,833000,1)
```

उत्तर येईल वर्षाला साधारण 5 टक्के. तेच 24,000 दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले, आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर वीस वर्षांत साडेदहा लाखांच्या वर जातात. दर बदलू शकतो, आणि पीपीएफही पंधरा वर्षांचं बंधन आहे, हे खरं. पण तिथे एखादं वर्ष अडचणीत गेलं तर 500 रुपये भरूनही खातं चालू राहतं. पॉलिसी मात्र पहिल्या काही वर्षांत सोडलीस, तर भरल्यापेक्षा कमी हातात येतं, आणि बावीसाव्या वर्षी पुढची वीस वर्षं कशी जातील हे कोणी सांगावं? शिवाय तुझ्या पगारावर अजून कोणी अवलंबून नाही, म्हणून आयुर्विमा आत्ता नकोच. पुढे लागेल तेव्हा साधा टर्म प्लॅन घे. त्याआधी ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये तुझं नाव आहे ना, ते विचारून घे.

काका ओळखीचे आहेत म्हणून दादाला नाही म्हणणं अवघड जातंय, हे मला कळतं. हिशेबाचा हाच कागद त्याला दाखव. आणि त्याने सही करून टाकलीच असेल, तरी पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होऊन बाकीचे पैसे मिळतात. अर्ज थेट कंपनीकडे दे, लेखी, आणि पोच घे.

रविवारी फोन कर. दादाने सही केली आहे की नाही, ते आधी सांग.

तुझी,
आत्या