बाबांच्या अँजिओप्लास्टीआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "कलमांचे पैसे आलेत, त्यातून भागवू." तसं करू नका. बाबांना 71 पूर्ण झाली. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या माणसाला आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. त्यात उत्पन्न बघत नाहीत, फक्त आधार लागतं. म्हणजे देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीतल्या रेशनकार्डावर 'दत्ता' आणि आधारवर 'दत्ताराम' आहे, ते इथे आड येणार नाही. आईचं मात्र रेशनकार्डावरूनच होईल. तिचं नाव आणि वय दोन्हीकडे जुळतंय का ते आत्ताच बघून ठेवा.

उद्याच आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सेवा केंद्रात जा. तिथला मुलगा beneficiary.nha.gov.in उघडेल आणि तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल. कार्ड मिळालं की बाबांच्या उपचाराला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं.

आता मुख्य गोष्ट. हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा फलक दिसला म्हणून थेट दाखल होऊ नका. हॉस्पिटल यादीत असतं ते विभागाप्रमाणे. एखादं हाडांसाठी आणि किडनीसाठी असेल, पण हृदयासाठी नसेल. 155388 वर फोन करून, किंवा हॉस्पिटलमध्ये योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्राला, एवढंच विचारा: "अँजिओप्लास्टी योजनेत इथे होते का?" देवगडहून एवढ्या लांब जायचं, तर आधी फोन केलेला बरा.

गेल्या वर्षी काकांचं काय झालं ते आठवतंय ना? दाखल करताना कोणी आरोग्यमित्राकडे गेलंच नाही. अनामत भरली, ऑपरेशन झालं आणि बिल फेडल्यावर योजनेची चौकशी केली. तोवर उशीर झाला होता. ही योजना कॅशलेस आहे, खिशातून भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. ती आरोग्यमित्राकडून कार्डाची नोंद झाल्यावर हॉस्पिटलच ऑनलाइन मागतं, आणि त्यासाठी अँजिओग्राफीची सीडी व रिपोर्ट लागतात. ते दोन्ही पिशवीत वेगळे ठेवा. छातीत पुन्हा कळ आली, तर मात्र कागद शोधत बसू नका. जवळच्या हॉस्पिटलात आधी बाबांना दाखल करा. तातडीच्या वेळी फोनवरूनही मंजुरी मिळते.

पॅकेजमध्ये स्टेंट, तपासण्या, औषधं आणि बाबांचं जेवण सगळं धरलेलं असतं. 'हे वेगळं द्यावं लागेल' असं कोणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी मला फोन करा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. नुसतं ओपीडीत दाखवणं योजनेत बसत नाही, तो खर्च आपला. डिस्चार्जनंतर घरी चालू राहणाऱ्या गोळ्यांचं मी बघते.

सोमवारी रात्रीच्या गाडीने निघते. कार्ड झालं की त्याचा फोटो पाठवा.

तुमची,
सुमा