‘ए प्लस’ला जादा गुण नाहीत, मग ‘ए मायनस’ची वजावट का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या नाशिकमधील एका स्वायत्त महाविद्यालयात चार गुणांकांच्या श्रेणीपद्धतीत प्लस-मायनस आणण्याचा विचार सुरू असल्याचे तिथल्या पालकांकडून कळले. प्रस्तावित तक्त्यात बी प्लसला ३.३, बीला ३.० आणि बी मायनसला २.७ आहेत. ए मायनसला ३.७ आहेत, पण ए आणि ए प्लस दोन्हींना ४.०. माझी हरकत या शेवटच्या ओळीला आहे.

समजा, ८५ ते ८९ गुणांना ए मायनस, ९० ते ९४ ला ए आणि त्यापुढे ए प्लस. एका मुलीला चार विषयांत ९७, ९६, ८८ आणि ८७ मिळाले. सरासरी ९२. तिच्या मैत्रिणीला ९१, ९०, ९२, ९१, म्हणजे सरासरी ९१. मैत्रिणीला चारही ए, गुणांक ४.०. पहिलीला दोन ए प्लस आणि दोन ए मायनस, म्हणून ३.८५. एकूण गुण जास्त असूनही ती मागे पडली! हाच चढउतार बी श्रेणीत झाला असता, तर दोन बी प्लस आणि दोन बी मायनस मिळून बरोबर ३.० आले असते. तिथे एका विषयातली कसर दुसऱ्यात भरून निघते. वरच्या टोकाला घट तेवढी मोजली जाते, वाढ नाही. एखादी अवघड प्रश्नपत्रिका किंवा कडक परीक्षक वाट्याला आला, की त्याचा फटका कायम राहतो.

हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ ए प्लसला ४.३ देते, तर कॅलिफोर्निया विद्यापीठात ए प्लसलाही ४.०च मिळतात. यूजीसीच्या दहा गुणांकांच्या तक्त्यात ‘ओ’ श्रेणीला १०, ए प्लसला ९ आणि एला ८ आहेत. तिथे प्रत्येक श्रेणीला स्वतःचा गुणांक असल्याने ए प्लस मिळवल्याचा लाभ तरी वाया जात नाही.

‘४.३ दिले तर परदेशी अर्जांत चारपेक्षा मोठा आकडा कसा दाखवायचा?’ ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय आहे: विषयवार ए प्लसचे ४.३ धरावेत आणि ४.०ची मर्यादा अंतिम सरासरीला लावावी. मग वरच्या उदाहरणातल्या पहिल्या मुलीचे ४.० होतात. सगळीकडे ए प्लस मिळवणारा चारच्या पुढे जाणार नाही, हे खरे. पण त्यामुळे कोणाचे काही कापले जात नाही. हे मान्य नसेल, तर ए मायनसही काढून टाकावा.

ठराव मंजूर करण्यापूर्वी महाविद्यालयाने गेल्या वर्षीचा निकाल दोन्ही पद्धतींनी मांडून पाहावा. एकूण गुणांत पुढे असलेली किती मुले नव्या गुणांकात मागे जातात, ते विद्यापरिषदेच्या सदस्यांना दाखवावे. संगणकावर हे काम एका दुपारचे आहे.

आपला,
एक निवृत्त सांख्यिकी प्राध्यापक
गंगापूर रोड, नाशिक