१४० रुपयांची भाकरी आणि तुमचा शब्द : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी महिला बचत गटांच्या मेळाव्यात आपण म्हणाला होतात, "ॲपवाल्यांच्या कमिशनला तीन महिन्यांत लगाम घालतो." घरी डबे करून ते जेवण पोचवणाऱ्या ॲपवर विकणारी मी तिसऱ्या रांगेत होते, टाळ्याही वाजवल्या. लगाम राहू दे, घोडाच दिसेना.

परवा एका गिऱ्हाइकाचा रस्सा पिशवीत सांडला. डबा मी चिकटपट्टी लावून उभा ठेवून दिला होता, पोचवणाऱ्याने तो आडवा कोंबला. पैसे मात्र माझ्या खात्यातून कापले. कोणाकडे भांडू? तिथे माणूसच नाही, चौकटीत बोट दाबायचं.

आता हिशेब ऐका. भरलं वांगं, दोन भाकऱ्या, ठेचा. व्हॉट्सॲपवर मी १४० घेते, गिऱ्हाईक येऊन घेऊन जातं. सामान आणि गॅस ६२, डबे-फॉइल-पिशवी १९. उरले ५९. ॲपवर तोच डबा १८० ला लावला. "ऑफर" म्हणून ३० माझ्याच खिशातून गेले. राहिलेल्या १५० वर २४ टक्के कमिशन, म्हणजे ३६. त्यावर १८ टक्के जीएसटी, साडेसहा. हातात १०७. सामान आणि पॅकिंग वजा केलं की २६. पाऊण तास चुलीपुढे उभं राहायचे २६ रुपये! आणि रस्सा सांडला की उलट ८१ रुपये घरातून.

आधी मी १४० वर कमिशन आणि त्यावरचा कर मिळून २८ टक्के चढवून १७९ लावायचे. फसले. कमिशन चढवलेल्या भावावर कापतात, त्यामुळे हातात १२८ च येत. १४० हवे असतील तर १९५ लावावे लागतात, ऑफर धरली तर २२५. वांग्याची भाजी २२५ ला कोण खाईल, तुम्ही?

जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपच गिऱ्हाइकाकडून घेऊन भरतं. मी जीएसटीत नोंदलेली नाही, म्हणून कमिशनवरचा कर मला परत मिळत नाही. ॲप वजावट घेतं, मोठं हॉटेल घासाघीस करतं, भरते ती बाई. आमच्या भागात अशा पाचशे तरी असतील, मोजल्या नाहीत. तुम्ही तरी कुठे मोजल्यात? सासूबाईंच्या गुडघ्याच्या औषधाचे पैसे मी याच डब्यांतून काढते, हे अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं? अन्न परवाना काढायचा, प्लास्टिकबंदी पाळायची, फलकावर "उद्योजिका" म्हणून फोटो द्यायचा, एवढंच आमचं काम.

मागणी दोनच. कमिशनला कमाल मर्यादा घाला. आणि पोचवताना सांडलेल्या डब्याचा भुर्दंड ज्याच्या हातून सांडला त्याच्या कंपनीवर टाका.

उत्तर दुपारी तीननंतर पाठवा, त्याआधी माझे हात पिठात असतात.

आपली,
पुण्यातील एक घरगुती डबा देणारी