‘मार्जिनला आहे’ म्हणजे पसरलाय असं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या वहिनी आणि त्यांचा मुलगा आमच्या दारात आले. वहिनींना तीस वर्षांची मिश्रीची सवय. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता, बोटाने पुसला तरी निघत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी त्यातला पाच मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. लॅबने रिपोर्ट थेट मुलाच्या मोबाइलवर टाकला आणि डॉक्टरांची वेळ मिळाली होती तीन दिवसांनंतरची. रिपोर्टात तीनच ओळी होत्या. मॉडरेट डिस्प्लेसिया आहे, तपासलेल्या भागात इन्व्हेजन दिसत नाही, डिस्प्लेसिया मार्जिनपर्यंत आहे. मुलाने मोबाइलवर शोधाशोध करून ठरवून टाकलं होतं की कॅन्सर आहे आणि तो कडेपर्यंत पसरलाय. वहिनींनी मला एवढंच विचारलं, “भाऊ, खरं सांगा, किती दिवस राहिलेत?”

मी ३१ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. निदान करणं माझं काम नव्हतं, ते पॅथॉलॉजिस्टचं. पण तुकड्यांच्या चकत्या कापून काचेवर घ्यायचं काम माझं होतं आणि हे शब्द रोज डोळ्यांखालून जायचे. त्या रात्री वहिनींना जे सांगितलं, तेच तुमच्या वाचकांपैकी जे कुणी रिपोर्टची वाट बघत बसले असतील त्यांच्यासाठी लिहितो आहे.

गालाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे एकावर एक रचलेले थर. सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, त्या वर सरकताना चपट्या होत जातात आणि शेवटी गळून पडतात. या थरांच्या खाली एक अतिशय पातळ पडदा असतो. सगळ्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या त्या पडद्याच्या खाली असतात, वरच्या अस्तरात एकही नसते. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धा रिपोर्ट वाचता येतो.

डिस्प्लेसिया म्हणजे या थरांची घडी विस्कटणे. पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद होतात, पेशी वेड्यावाकड्या बसतात, खालच्या थरात शोभणाऱ्या पेशी वरपर्यंत दिसायला लागतात. विस्कट अस्तराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शातच असेल तर माइल्ड, मधल्या हिश्शापर्यंत पोचली तर मॉडरेट, त्याच्याही वर गेली तर सिव्हिअर. तळापासून वरपर्यंत सगळी जाडी बिघडली, पण पडदा शाबूत आहे, त्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात. इन सिटू म्हणजे जागच्या जागी. तोंडाच्या बाबतीत सिव्हिअर डिस्प्लेसिया आणि इन सिटू यांना बरेच पॅथॉलॉजिस्ट एकाच पायरीवर धरतात. कार्सिनोमा हा शब्द वाचून माणूस हबकतो, ते साहजिकच आहे. पण पडदा फुटलेला नसेल तर त्या पेशींना रक्तात किंवा मानेतल्या गाठींत जायला वाटच नसते. ज्या दिवशी पडदा ओलांडून पेशी खाली उतरतात, त्या दिवसापासून त्याला इन्व्हेजन म्हणतात.

वहिनींचा आजार या पायऱ्यांवर मधे कुठेतरी होता. तो बिनाइन नव्हता आणि कॅन्सरही नव्हता. बिनाइन म्हणजे साधी गाठ, जी वाढली तरी आपल्या हद्दीत वाढते. डिस्प्लेसियाला तो शब्द लावत नाहीत, कारण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. होईलच असं मात्र नाही.

आता तो मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याची कापलेली कड. खरी गडबड इथेच झाली होती. वहिनींचा चट्टा दोन सेंटिमीटरचा आणि तुकडा काढलेला पाच मिलिमीटरचा, तोही चट्ट्याच्या आतूनच. साडीवरच्या डागाच्या मधोमध चिंधी कापली तर चिंधीच्या कडेला डाग असणारच. त्यावरून डाग किती पसरलाय हे कळत नाही. नमुन्यापुरता तुकडा काढलेला असेल तर मार्जिनच्या ओळीला काही अर्थ उरत नाही. तिला अर्थ येतो तो सगळा चट्टा किंवा सगळी गाठ काढल्यानंतर.

तो दिवस वहिनींचाही आला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पूर्ण चट्टा काढला. अशा वेळी सर्जन तुकड्याच्या ठरलेल्या कडांना टाके घालून पाठवतात, म्हणजे पुढची बाजू कुठली, वरची कुठली ते लॅबला कळतं. लॅबमध्ये त्याच्या कापलेल्या कडांना शाई लावतात. ती शाई पुढच्या सगळ्या प्रक्रियेत टिकते आणि काचेवर काळी रेघ होऊन दिसते. पॅथॉलॉजिस्ट त्या रेघेपासून बिघडलेल्या पेशींपर्यंतचं अंतर मोजतात. शाईलाच पेशी भिडल्या असतील तर मार्जिन पॉझिटिव्ह. इथे पॉझिटिव्ह ही चांगली बातमी नसते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. मधे निरोगी पट्टा असेल तर मार्जिन क्लिअर.

वहिनींच्या दुसऱ्या रिपोर्टात एका कोपऱ्यात सिव्हिअर डिस्प्लेसिया निघाला. पहिल्या वेळी कुणी चुकलं होतं असं नाही, पहिला तुकडा त्या कोपऱ्यातला नव्हता इतकंच. पहिल्या रिपोर्टात ‘तपासलेल्या भागात’ असं लिहिलं होतं ते याचसाठी. इन्व्हेजन कुठेच नव्हतं, सगळ्यात जवळची कड चार मिलिमीटरवर होती आणि खालची बाजूही मोकळी होती. मुलाने लगेच विचारलं, पाच मिलिमीटर पाहिजे ना? पाचाचा आकडा तोंडाच्या पसरणाऱ्या कॅन्सरसाठी वापरतात, डिस्प्लेसियासाठी नाही. शिवाय काढल्यावर आणि तो टिकवण्याच्या द्रावणात, म्हणजे फॉर्मालिनमध्ये, तुकडा आकसतो, त्यामुळे काचेवरचं अंतर तोंडातल्या अंतरापेक्षा कमीच भरतं. स्तनाच्या इन सिटू आजारात शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन मिलिमीटर पुरेसे धरतात. म्हणून आपला आकडा दुसऱ्याच्या रिपोर्टाशी ताडून बघू नये.

क्लिअर मार्जिन म्हणजे हा चट्टा पूर्ण निघाला. पण तीस वर्षांची मिश्री सगळ्या तोंडाला लागलेली आहे, शेजारच्या अस्तरातही नवा चट्टा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला सांगितलं आणि मिश्री त्याच दिवशी बंद करायला लावली.

रिपोर्टला उशीर झाला की लोक घाबरतात, त्याबद्दलही लिहितो. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरावा लागतो, मग बहुधा रात्रभर मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरतात, मग तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या कापून रंगवतात. पडदा फुटलाय की नाही याची शंका आली तर पॅथॉलॉजिस्ट त्याच मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोल चकत्या मागतात. माझ्या टेबलावर अशी चिठ्ठी रोज यायची. हाड असलं तर ते मऊ करण्यातच कितीतरी दिवस जातात. लांबलेल्या रिपोर्टावरून निदानाचा अंदाज बांधता येत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. पडदा ओलांडलाय का, आणि हा तुकडा नमुन्यापुरता होता की सगळा आजार यात आला. आणि लॅबवाल्यांना माझी विनंती अशी की नमुन्यापुरत्या तुकड्याच्या रिपोर्टात मार्जिनची ओळ लिहायचीच असेल तर ‘हा फक्त नमुना आहे’ एवढे शब्द त्याच ओळीत मराठीत छापा. रिपोर्ट आधी डॉक्टरांकडे जाऊ द्या. रुग्णाच्या मोबाइलवर तो भेटीच्या दिवशी सकाळी गेला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, सातारा