आरएनए स्वतःला कापतो हे खरं, पण 'आरएनए वर्ल्ड' सिद्ध झालंय हे खरं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जीवसृष्टीची सुरुवात कशी झाली यावर लेख होता. त्यात लिहिलंय की आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच अक्षरांच्या साखळीचा रेणू, स्वतः रासायनिक क्रिया घडवतो हे १९८२ मध्ये कळलं आणि तिथेच 'आरएनए वर्ल्ड', म्हणजे जीवसृष्टी आरएनएपासून सुरू झाली ही कल्पना, सिद्ध झालं. यातलं पहिलं बरोबर आहे, दुसरं नाही. मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, सोमवारी दोन मुलं तेच कात्रण घेऊन वर्गात आली, म्हणून लिहितेय.

अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात थॉमस चेक टेट्राहायमिना नावाच्या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवावर काम करत होते. याच्या रायबोझोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए तयार होतो तेव्हा मध्येच साधारण ४०० अक्षरांचा एक नको असलेला तुकडा असतो, इंट्रॉन, तो कापून काढून दोन्ही टोकं जोडावी लागतात. हे काम करणारं प्रोटीन शोधायचं होतं. म्हणून एका ट्यूबमध्ये आरएनएसोबत पेशीच्या केंद्रकातला अर्क घातला, दुसरीत घातला नाही, ती नुसती कंट्रोल. तर आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर इंट्रॉनचा पट्टा दोन्हीकडे दिसला! साहजिकच आधी वाटलं की आरएनएला एखादं प्रोटीन घट्ट चिकटून राहिलंय, मग उकळून बघितलं, डिटर्जंट घातलं, प्रोटीन पचवणारे एन्झाइम घातले, तरी कापाकापी चालूच. शेवटी त्यांनी तो जीन प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात, घालून जिवाणूत वाढवला आणि त्या डीएनएवरून ट्यूबमध्येच नवा आरएनए बनवला, म्हणजे ज्याने टेट्राहायमिनाची पेशी कधी बघितलीच नाही असा. तोही आपला आपण कापला गेला. मला विचाराल तर खरा पुरावा हा, कारण आता चिकटून राहायला त्या पेशीतलं प्रोटीन आलंच कुठून?

हे होतं कसं तेही फार छान आहे. त्या द्रावणात मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन, म्हणजे आरएनएच्या चार अक्षरांतलं सुटं G, एवढं लागतं. इंट्रॉनची घडी पडून एक खाच तयार होते, G त्यात बसतो आणि इंट्रॉनच्या सुरुवातीचा बंध तोडून स्वतः तिथे चिकटतो. मग आधीच्या भागाचं मोकळं झालेलं टोक इंट्रॉनच्या दुसऱ्या टोकावर हल्ला करतं, दोन्ही भाग जोडले जातात, इंट्रॉन बाहेर. एक बंध तुटतो तेव्हाच दुसरा बनतो म्हणून वेगळी ऊर्जा लागत नाही. आणि बाहेर पडलेल्या इंट्रॉनच्या तोंडाशी एक G जास्तीचा सापडतो जो जीनमध्ये लिहिलेलाच नाही, किरणोत्सर्गी G वापरून त्यांनी हे पकडलं.

पण एक अडचण होती, एन्झाइम म्हणायचं तर काम करून स्वतः होता तसा राहायला हवा आणि पुन्हा तेच काम करायला हवा. हा इंट्रॉन स्वतःलाच कापतो, तेही एकदाच. ती कसर १९८३ मध्ये भरून निघाली, नॉर्मन पेस आणि येल विद्यापीठातले सिडनी ऑल्टमन यांच्या गटांनी दाखवलं की जिवाणूतल्या आरएनेझ पी या एन्झाइमचा आरएनए भाग एकटाच, भरपूर मॅग्नेशियम दिलं तर, दुसरे आरएनए एकामागून एक कापतो. चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल यासाठी मिळालं.

आता 'आरएनए वर्ल्ड'. हे नाव वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये दिलं. माहितीही आरएनएमध्ये आणि कामही आरएनएचंच, डीएनए आणि प्रोटीन नंतर आले अशी ती कल्पना. माझ्या मते तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा इंट्रॉन नाही, रायबोझोम आहे. २००० मध्ये त्याच्या मोठ्या भागाची रचना दिसली तेव्हा लक्षात आलं की प्रोटीनची साखळी जिथे जोडली जाते तिथे सगळा आरएनएच आहे, सर्वात जवळचं प्रोटीन साधारण १८ अँगस्ट्रॉम लांब, म्हणजे हात पोचणार नाही इतकं. आजही प्रत्येक पेशीत प्रोटीन जोडणारा आरएनए आहे.

तरी यातून एवढंच कळतं की आरएनए हे करू शकतो. पृथ्वीवर तसं झालंच होतं हे यातून कळत नाही. स्वतःची पूर्ण नक्कल काढत राहील असा जगातला पहिला आरएनए कसा होता ते कुणी बघितलेलं नाही, प्रयोगशाळेत बनवलेले रायबोझाइम, म्हणजे एन्झाइमचं काम करणारे आरएनए, दुसऱ्या आरएनएची नक्कल काढतात पण मर्यादेत. शिवाय घडी टिकवायला जे मॅग्नेशियम लागतं तेच लांब आरएनए हळूहळू तोडतं, आणि साध्या फॅटी ॲसिडच्या पिशव्या, ज्या पहिल्या पेशींच्या भिंती असाव्यात असं मानतात, त्याही फोडतं. यावर उपाय शोधणं चालू आहे.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी छोट्या चौकटीत खुलासा छापावा: आरएनए एन्झाइमचं काम करतो हे सिद्ध झालंय, 'आरएनए वर्ल्ड' हे अजून गृहीतक आहे. मुलं कात्रण वहीत चिकटवून ठेवतात हो.

आपली नियमित वाचक,
सांगली