पाण्याच्या बिलाबद्दल – वापर वाढलेला नाही, दिवस वाढलेत

नमस्कार अध्यक्षसाहेब,

बोर्डावर नोटीस लागलीय की पाण्याचा वापर खूप वाढला म्हणून बिल 26,880 आलं आणि आता दुपारचं पाणी बंद करणार. सेक्रेटरींकडून बिलाची कॉपी घेतली आणि नीट बसून हिशोब केला. माझी विनंती आहे की पाणी बंद करायच्या आधी हे एकदा बघा.

बिलात मागचं रीडिंग 3 मार्चचं आहे, 48,310, आणि आत्ताचं 16 मेचं, 50,086. म्हणजे 1,776 युनिट (एक युनिट म्हणजे हजार लिटर). मागच्या बिलात 1,464 होते त्यामुळे आकडा बघून कोणालाही वाटणार वापर वाढला. पण मागचं बिल 61 दिवसांचं होतं आणि हे 74 दिवसांचं आहे, रीडिंग घ्यायला माणूस उशिरा आला एवढंच. भागून बघा, दोन्ही वेळेस रोजचे 24 युनिटच पडतात. 40 फ्लॅटमध्ये वाटले तर फ्लॅटमागे रोज 600 लिटर, कमी नाहीये हे मान्य, पण वाढलेलंही नाही.

मग बिल एवढं का फुगलं तर स्लॅबमुळे. बिलाच्या मागे रेट छापलेत, ते प्रति फ्लॅट प्रति महिना आहेत: 15 युनिटपर्यंत 8 रुपये, 15 ते 20 ला 12 रुपये, 20 च्या वर 20 रुपये. आपल्या 40 फ्लॅटला दोन महिन्यांचे पहिल्या स्लॅबमध्ये 1,200 युनिट बसतात आणि 12 च्या रेटने पुढचे 400. बिलात बरोबर हेच आकडे लावलेत, म्हणजे वापर 74 दिवसांचा मोजला आणि स्लॅब मात्र 60 दिवसांचेच दिले. त्यामुळे 176 युनिट 20 रुपयांच्या स्लॅबमध्ये गेले, जिथे आपण खरं तर पोचतच नाही, कारण आपला महिन्याचा वापर फ्लॅटमागे 18 युनिट आहे.

स्लॅब पण 74 दिवसांचे धरले तर पहिला 1,480 चा होतो. 1,480 गुणिले 8 म्हणजे 11,840, उरलेले 296 गुणिले 12 म्हणजे 3,552, मिळून 15,392. बिलात पाण्याचे 17,920 लावलेत, फरक 2,528. आणि सिवरेज चार्ज हा पाण्याच्या रकमेच्या 50 टक्के असल्यामुळे चूक तिथेही गेली, आणखी 1,264. एकूण 3,792 जास्त. सिवरेजची ओळ वेगळी तपासायची गरज नाही, पाण्याची रक्कम दुरुस्त झाली की ती आपोआप कमी होते.

खजिनदार म्हणाले की पुढचं बिल कमी दिवसांचं येईल, त्यात भरून निघेल. तेही करून बघितलं. पुढचं रीडिंग 46 दिवसांनी झालं तर वापर 1,104 होईल आणि 60 दिवसांच्या स्लॅबमुळे तो सगळा 8 रुपयांत बसेल, फायदा होईल पण सिवरेज धरून फक्त 1,104 रुपयांचा (आकडा योगायोगाने तोच आला). बाकीचे 2,688 परत येत नाहीत. कारण जास्त दिवसांच्या बिलात वरचे युनिट 20 ने जातात आणि कमी दिवसांच्या बिलात वाचतात ते 12 चे 8 होऊन, म्हणजे युनिटमागे चारच रुपये.

एक शंका कोणीतरी काढेलच की शेवटच्या दोन आठवड्यांत लीकेज झालं असेल. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 2 मेचं रीडिंग 49,750 लिहिलंय, म्हणजे बरोबर 60 दिवसांत 1,440, आणि नंतरच्या 14 दिवसांत 336, दोन्हीकडे रोजचे 24. तो काळे आकडेच लिहितो, लाल आकडे लिटरचे असतात ते सोडतो, मी मीटरपाशी जाऊन बघून आले. त्यामुळे हे रजिस्टर बिलाशी थेट जुळवता येतं, आणि बिलावरचं रीडिंग अंदाजे टाकलेलं नाही हेही त्यावरून कळतं.

तर कमिटीने बिल दुरुस्तीचा अर्ज द्यावा, सोबत दोन्ही बिलं, रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो आणि वरचा हिशोब. अर्जात फक्त एवढंच मागायचं की स्लॅब दिवसांच्या प्रमाणात लावा, वापराबद्दल वाद घालायचा नाही कारण वापर बरोबरच आहे. ड्यू डेटच्या आत उत्तर नाही आलं तर बिल भरून टाका, दंड नको, पण सोबत "हरकत राखून भरत आहोत" असं लेखी द्या. आणि दुपारचं पाणी बंद करायची नोटीस कृपया काढून घ्या, वरच्या मजल्यांवर वयस्कर लोक आहेत, बादल्या भरून ठेवणं त्यांना जमत नाही.

अर्जाचा मसुदा मी लिहून देते, रविवारी ऑफिसमध्ये घेऊन येऊ का?

आपली,
बी विंगमधली एक रहिवासी